x^5 e^(-x), शून्य ते अनंत: वहीत -120, लॅपटॉपवर 111.95, पुस्तकात 120

निळी_शाई · शनिवार, रात्री 10:20

मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एम-टूमध्ये सध्या गॅमा फंक्शन चालू आहे. मी 1996 चा बी.एस्सी., त्यानंतर गणिताशी संबंध आला तो बँकेच्या व्याजापुरताच. तरी त्याच्यासोबत बसावंसं वाटतं म्हणून गेले दोन आठवडे रोज रात्री तासभर आम्ही दोघं वही घेऊन बसतो. आज अडकलो आहोत.

प्रश्न साधा आहे. x^n e^(-x) चं शून्य ते अनंत इंटिग्रेशन, बाय पार्ट्स पुन्हापुन्हा लावून. आम्ही n = 5 घेतलं. तक्त्याची पद्धत वापरली: डावीकडे x^5 चे डेरिव्हेटिव्ह एकाखाली एक, उजवीकडे e^(-x) चं इंटिग्रेशन, तिरके गुणाकार आणि चिन्हं एकाआड एक. वहीत हे आलं:

```
-e^(-x) (x^5 - 5x^4 + 20x^3 - 60x^2 + 120x - 120)
```

वरची लिमिट घातली की शून्य. खालची घातली की कंसात -120, बाहेरचा वजा धरून +120. वरच्यातून खालचं वजा केलं की उत्तर -120. पुस्तकात 120 आहे.

चिन्हाची चूक असणार हे कळतंय, पण ती सापडत नाही. कारण याच पद्धतीने सकाळी n = 4 केलं होतं, ते 24 आलं आणि पुस्तकाशी जुळलं. पद्धत चुकीची असती तर तेही चुकायला हवं होतं ना?

त्यात भर म्हणजे मुलाने लॅपटॉपवर ट्रॅपेझॉइडलने काढून बघितलं, 0 ते 10, हजार पट्ट्या. उत्तर आलं 111.95. पट्ट्या एक लाख केल्या, तरी 111.95 च. एका घरात एका गणिताची तीन उत्तरं झाली आहेत. कोणी सांगेल का?

तडक_उत्तर · शनिवार, रात्री 10:41

पहिली गोष्ट, इतकं करायची गरजच नाही. हा गॅमा फंक्शनचा सरळ निकाल आहे: n फॅक्टोरियल. n = 5, म्हणजे 120. परीक्षेत एका ओळीत लिहून मोकळं व्हायचं.

बाय पार्ट्सनेच करायचं असेल तर एकच लक्षात ठेवा, x^n ला u घ्यायचं. e^(-x) ला u घेतलं तर घात कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातो, गणित कधीच सुटत नाही, म्हणून ते चूकच. अनंत घातला की e^(-x) शून्य होतो, म्हणून वरची लिमिट प्रत्येक वेळी शून्य.

लॅपटॉपचं म्हणाल तर 10 म्हणजे काही अनंत नाही. 1 लाख घाला, बरोबर येईल.

खडू_फळा · शनिवार, रात्री 11:15

निळी_शाई, आधी तुमची -120 ची चूक शोधू. मी हा भाग बरीच वर्षं शिकवला आहे आणि नेमकी हीच चूक दर वर्षी दहा-बारा पेपरांत बघितली आहे, म्हणून तुमची वही न बघताही सांगतो काय झालं असेल.

तक्त्यात वजा चिन्ह दोन ठिकाणांहून येतं. एक वजा पद्धतीचा आहे: अधिक, वजा, अधिक, वजा. दुसरा वजा e^(-x) चा स्वतःचा आहे: त्याचं इंटिग्रेशन केलं की -e^(-x), पुन्हा केलं की +e^(-x), पुन्हा केलं की -e^(-x). म्हणजे उजवा रकानासुद्धा एकाआड एक चिन्ह बदलतो. तुम्ही पहिली ओळ बरोबर लिहिली असेल, मग "यात बदलत तर काहीच नाही" असं मनात येऊन खाली सगळीकडे -e^(-x) लिहिलं असेल. दोन्ही रकान्यांची चिन्हं नीट धरली तर पहिल्या ओळीत अधिक गुणिले वजा, दुसऱ्या ओळीत वजा गुणिले अधिक, तिसऱ्या ओळीत पुन्हा अधिक गुणिले वजा. प्रत्येक ओळ वजाच येते. म्हणून बाहेर एक वजा काढला की कंसात सगळी पदं अधिक:

```
-e^(-x) (x^5 + 5x^4 + 20x^3 + 60x^2 + 120x + 120)
```

आता तुमचा खरा प्रश्न: मग n = 4 कसं जुळलं? शून्य घातल्यावर कंसातलं फक्त शेवटचं पद उरतं. तुमच्या चुकीच्या पद्धतीत चिन्हं x^n पासून अधिक, वजा, अधिक अशी चालतात. n सम असेल तर शेवटचं पद अधिकवर येऊन थांबतं, n विषम असेल तर वजावर. म्हणून 4 ला 24 आलं आणि 5 ला -120. सम n ला ही चूक दिसत नाही, ती आत असतेच. तुमची सकाळची वही उघडून बघा, n = 4 चा कंससुद्धा चुकलेला असेल, फक्त अनंतापर्यंत गेल्यामुळे तो झाकला गेला. त्याच कंसात 0 ते 2 घातलं असतं तरी उघडा पडला असता.

चूक पकडायला पुस्तकाची गरज नाही. कंसातल्या पॉलिनोमियलला P म्हणा. -e^(-x) P चं डेरिव्हेटिव्ह e^(-x) (P - P') येतं. म्हणजे P मधून P' वजा केल्यावर फक्त x^5 उरायला हवा. बरोबर कंसाचं करून बघा: P' म्हणजे 5x^4 + 20x^3 + 60x^2 + 120x + 120, म्हणजे P चीच पहिलं पद सोडून उरलेली शेपूट. वजाबाकी केली की सगळं कटतं, x^5 एकटा राहतो. तुमच्या कंसाचं केलंत तर पहिल्याच पावलाला -10x^4 उरेल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि एक. x^5 e^(-x) शून्याच्या उजवीकडे सगळीकडे धन आहे. त्याच्याखालचं क्षेत्रफळ ऋण येऊच शकत नाही. -120 दिसलं तेव्हा तुम्ही थांबलात आणि इथे विचारलंत, हे मला फार आवडलं.

निळी_शाई · शनिवार, रात्री 11:38

सर, वही उघडली. n = 4 चा कंस x^4 - 4x^3 + 12x^2 - 24x + 24 असाच आहे. उजव्या रकान्यात पाच वेळा -e^(-x). अगदी तुम्ही म्हणालात तसं.

P - P' करून बघितलं, दोघांनीही. शेपूट कटत जाते तेव्हा फार छान वाटतं. मुलगा म्हणाला, "म्हणजे P असा बनवायचा की त्याचं डेरिव्हेटिव्ह त्याच्यातच लपलेलं असेल." मला हे असं सुचलं नसतं.

111.95 चं कोडं राहिलं. तो स्वतःच लिहितो म्हणाला.

शेवटचा_बाक · रविवार, सकाळी 9:05

मी त्यांचा मुलगा. काल तडक_उत्तर काकांनी सांगितलं तसं 10 च्या जागी 100000 घातले. उत्तर आलं 3.72e-32. म्हणजे जवळजवळ शून्य. आधी 111.95 तरी येत होतं. आता काय चुकलं?

```python
from math import exp

def trap(f, a, b, m):
    h = (b - a) / m
    s = (f(a) + f(b)) / 2
    for i in range(1, m):
        s += f(a + i*h)
    return s * h

f = lambda x: x**5 * exp(-x)
print(trap(f, 0, 10, 1000))
print(trap(f, 0, 100000, 1000))
```

खडू_फळा · रविवार, सकाळी 10:30

बाळा, प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही. दोन्ही उत्तरं त्याने इमानदारीने दिली आहेत, फक्त प्रश्न वेगळे होते.

दुसरं आधी बघू. 1 लाखाचे हजार तुकडे केलेस, म्हणजे एक पट्टी 100 रुंद. पहिला बिंदू शून्यावर, तिथे उंची शून्य. दुसरा बिंदू थेट 100 वर, तिथे उंची जेमतेम 3.72e-34, मोजण्यात नाही. या आलेखाचं शिखर x = 5 ला आहे, उंची साधारण 21.06. आणि 20 च्या पुढे जवळपास काहीच नाही. तुझा प्रोग्रॅम शून्यावरून उडी मारून 100 वर गेला आणि अख्खा डोंगर दोन बिंदूंच्या मधे राहिला. वरची लिमिट वाढवायची तर पट्ट्याही त्याच प्रमाणात वाढवायला हव्यात. 1 लाखाची काही गरज नाही, 40 पुष्कळ झाले.

आता 111.95. तू पट्ट्या शंभरपट केल्यास आणि उत्तर हललं नाही. ही फार चांगली खूण आहे. पट्ट्यांची चूक असती तर पट्ट्या वाढवल्यावर उत्तर सरकलं असतं. सरकलं नाही, म्हणजे 0 ते 10 चं क्षेत्रफळ खरोखरच 111.95 आहे आणि उरलेलं 10 च्या पलीकडे आहे. 10 वर आलेखाची उंची अजून 4.54 आहे, म्हणजे तू डोंगराचा उतार मधेच कापलास.

किती कापलास ते बाय पार्ट्सच सांगतं, आणि या धाग्यातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. काल दुरुस्त केलेला कंस घे, पण अनंत घालू नकोस, 10 घाल. पदं अशी येतात: 100000, 50000, 20000, 6000, 1200, 120. बेरीज 177320. त्याला e^(-10) ने, म्हणजे 0.0000454 ने गुण: 8.05. खालच्या लिमिटला 120 आहेच. 120 वजा 8.05, म्हणजे 111.95. तुझ्या लॅपटॉपचं उत्तर दशांशापर्यंत जुळलं.

म्हणून मी वर्गात अनंत शेवटी घालायला सांगतो. आधी b घाला, सगळं लिहा, मग b वाढवा. तडक_उत्तर म्हणाले की e^(-x) शून्य होतो म्हणून वरची लिमिट शून्य. निष्कर्ष बरोबर आहे, कारण मात्र अपुरं आहे. e^(-x) शून्याकडे जातो तेव्हा x^5 अनंताकडे जात असतो. दोघांच्या ओढाताणीत कोण जिंकतं हे दाखवायला हवं. लोपिताल पाच वेळा लावून दाखवता येतं, पण मला दुसरा रस्ता आवडतो. e^x च्या सिरीजमधलं एक पद x^6/720 आहे. x धन असताना बाकीची पदंही धन, म्हणून e^x हा एकट्या x^6/720 पेक्षा मोठाच. मग x^5 e^(-x) हा 720/x पेक्षा लहान, आणि x वाढत गेला की 720/x शून्याकडे जातो. n कितीही असू दे, सिरीजमधलं त्याच्या पुढचं एक पद उचललं की काम झालं.

शेवटचा_बाक · रविवार, सकाळी 11:10

b = 20 घालून हातानेच केलं. कंस 4186520 आला, e^(-20) ने गुणल्यावर 0.0086. म्हणजे 119.9914 यायला हवं. मग प्रोग्रॅम चालवला (0 ते 20, दहा हजार पट्ट्या), 119.9914 आलं. आधी हाताने काढून मग मशीनने जुळवायची माझी ही पहिलीच वेळ.

रानजाई · रविवार, दुपारी 2:45

मला वाटतं इथे खरा दोषी वेगळा आहे. I_n = n I_(n-1) असं रिकर्शन चालवलं की राउंडिंगची चूक दर पावलाला n पट होते, म्हणून लॅपटॉपचं उत्तर बिघडतं. एम.सी.ए.ला असताना मी यात पूर्ण फसले होते. प्रोग्रॅम करण्याआधी चार दशांश धरून हाताने काढायचं होतं. माझे आकडे अजून वहीत आहेत:

```
E0 = 0.6321
E1 = 0.2642
E2 = 0.1605
E3 = 0.1136
E4 = 0.0865
E5 = 0.0646
E6 = 0.0197
E7 = -0.2300
```

धन फंक्शनचं क्षेत्रफळ उणे! प्रॅक्टिकलच्या वेळी मला कोणी नीट सांगितलं नाही, नुसतं "डबल प्रिसिजन वापर" म्हणाले. डबल प्रिसिजनमध्येही पुढे जाऊन हेच झालं, फक्त जरा उशिरा. त्यामुळे माझा सल्ला, रिकर्शन टाळा.

शेवटचा_बाक · रविवार, दुपारी 3:02

ताई, मी रिकर्शन वापरलंच नाही, ट्रॅपेझॉइडल वापरलं. आणि तुमचा E0 0.6321 कसा? आमचा I_0 तर 1 येतो.

रानजाई · रविवार, दुपारी 3:20

अरे हो. माझं इंटिग्रेशन 0 ते 1 होतं, शून्य ते अनंत नाही. मी प्रश्नच नीट वाचला नाही, सॉरी. E_n = n E_(n-1) - e^(-1), हे ते रिकर्शन. पण मग तुमच्या अनंतवाल्यात हा त्रास का होत नाही?

खडू_फळा · रविवार, रात्री 8:50

रानजाई, प्रश्न वेगळा असला तरी तुम्ही आणलेलं उदाहरण याच गणिताची दुसरी बाजू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाय पार्ट्सची प्रत्येक पायरी दोन तुकडे देते: एक लिमिटा घालून मिळणारं कडेचं पद, दुसरं n गुणिले आधीचं इंटिग्रल. शून्य ते अनंत असेल तर कडेचं पद दोन्ही टोकांना मरतं, n ≥ 1 असताना. म्हणून उरतं फक्त I_n = n I_(n-1), आणि I_0 = 1 हा नेमका आकडा. नेमक्या पूर्णांकाला पूर्णांकाने गुणत गेलं तर राउंडिंगला जागाच नाही.

0 ते 1 मध्ये वरच्या टोकाचं पद मरत नाही, दर वेळी e^(-1) वजा करावं लागतं. आता आकड्यांकडे बघा. खरा E5 0.0713 आहे. तो काढायला तुम्ही 5 गुणिले E4, म्हणजे 0.43 च्या आसपास, आणि त्यातून 0.3679 वजा केलंत. जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी झाली, चांगले अंक कटले, आणि E4 मध्ये जी चूक होती ती पाचपट होऊन उरली. सुरुवातीची चूक सातव्या पायरीला 7 फॅक्टोरियल म्हणजे 5040 पट होते. चौथ्या दशांशातली चूक पाच हजार पट झाली की उत्तर खोटं पडणारच. डबल प्रिसिजन हे फक्त पुढे ढकलतं, हे तुम्ही बघितलंच आहे.

आता उपाय, आणि इथे तडक_उत्तर यांनी सांगितलेली एक गोष्ट मला दुरुस्त करायची आहे. ते म्हणाले e^(-x) ला u घेणं चूक. घेऊन बघा. v येतो x^(n+1)/(n+1). घात वाढतो, खरं आहे. 0 ते 1 मध्ये हे मिळतं:

```
E_n = (e^(-1) + E_(n+1)) / (n+1)
```

हे तुमचंच रिकर्शन आहे, फक्त उलटं वाचलेलं. आणि उलटं चालताना चूक n ने गुणली जात नाही, भागली जाते. मी संध्याकाळी कागदावर केलं. E10 किती ते मला माहीत नाही असं धरलं आणि सरळ 0 लिहिला, जे उघडच खोटं आहे. मग खाली येत गेलो:

```
E10 = 0
E9  = 0.0368
E8  = 0.0450
E7  = 0.0516
E6  = 0.0599
E5  = 0.0713
```

खोट्या E10 पासून निघून पाच पायऱ्यांत E5 चार दशांशांपर्यंत खरा आला. कारण E10 मधली चूक दहाने, नवाने, आठाने, सातने, सहाने भागली गेली, म्हणजे 30240 ने. तुमच्या वहीतला 0.0646 आणि हा 0.0713 शेजारी ठेवून बघा.

रानजाई · रविवार, रात्री 9:15

E7 = 0.0516. माझ्या वहीत -0.2300 होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझा कोडच चुकला होता. मनापासून आभार, सर.

तडक_उत्तर · रविवार, रात्री 9:40

उलटं रिकर्शन मला माहीत नव्हतं, मान्य. 1 लाखाचा सल्लाही मी पट्ट्यांचा विचार न करता दिला. पण परीक्षेत n दिलेला असतो आणि उत्तर काढायचं असतं, तिथे e^(-x) ला u घेऊन मुलगा खोल पाण्यात जातो. आयलेटचा नियम त्यासाठीच आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाला दोन्ही रस्ते दाखवले तर तो गोंधळेल असं माझं मत आहे.

खडू_फळा · रविवार, रात्री 10:05

हे मत मी अनेक सहकाऱ्यांकडून ऐकलं आहे आणि त्यात तथ्य आहे. माझा अनुभव जरा वेगळा आहे. "हा रस्ता चूक" असं सांगितलेला मुलगा पुढे n = -1/2 आल्यावर अडतो, कारण तिथे घात कमी करत गेलं की शून्याजवळ x^(-1/2) अनंताला जातो आणि कडेचं पद मरत नाही. तिथे घात वाढवणाराच रस्ता चालतो: I_(-1/2) = 2 I_(1/2). "हा रस्ता आज नको" असं सांगितलेला मुलगा तो आठवून वापरतो.

निळी_शाई · सोमवार, रात्री 9:30

आज पुन्हा बसलो होतो. मुलाने एक प्रश्न काढला आहे जो मला फार आवडला, पण उत्तर माझ्याकडे नाही.

आलेखाचं शिखर x = 5 ला आहे असं सर म्हणालात. त्याने डोंगर शिखरावरच कापला, b = 5. कंस आला 3125 + 3125 + 2500 + 1500 + 600 + 120, म्हणजे 10970. e^(-5) ने गुणून 73.9. म्हणजे शिखराच्या डावीकडे 46.1 आणि उजवीकडे 73.9. त्याला वाटलं होतं निम्मं-निम्मं होईल. डावीकडे फक्त 38 टक्के आहे. मग n = 10 घेऊन 10 वर कापलं, डावीकडे 41.7 टक्के. n = 100 ला 47.3 टक्के. त्याचा प्रश्न: हे वाढत वाढत निम्म्याला जातं का?

खडू_फळा · सोमवार, रात्री 11:00

जातं. आणि या प्रश्नाचा माग रामानुजनपर्यंत पोचतो, ते त्याला जरूर सांगा.

b = n ला कापल्यावर उजवीकडचा भाग n फॅक्टोरियलच्या किती पट ते बाय पार्ट्सच्या कंसातून सरळ वाचता येतं: e^(-n) गुणिले 1 + n + n^2/2! पासून n^n/n! पर्यंतची बेरीज. म्हणजे e^n ची सिरीज n व्या पदाशी तोडली तर ती पूर्ण e^n च्या किती भाग होते, हाच तुमच्या मुलाचा प्रश्न आहे. रामानुजनने 1911 मध्ये जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत हाच प्रश्न वाचकांना घातला होता, आणि तो फार नेमका होता. शेवटचं पद पूर्ण घेतलं तर बेरीज निम्म्याच्या वर जाते, अजिबात नाही घेतलं तर खाली राहते. मग त्या शेवटच्या पदाचा किती अंश घेतला तर बरोबर e^n चं निम्मं होईल? त्याचं म्हणणं, तो अंश नेहमी 1/3 आणि 1/2 यांच्या मधे असतो.

n = 5 ला करून बघा. e^5 चं निम्मं 74.2066. पदं 1, 5, 12.5, 20.8333, 26.0417, बेरीज 65.375. पुढचं पद 5^5/5! पुन्हा 26.0417. कमी पडतात 8.8316. भागाकार 0.339.

शेवटचा_बाक · मंगळवार, सकाळी 7:20

n = 10 ला केलं. e^10 चं निम्मं 11013.2329, नवव्या पदापर्यंतची बेरीज 10086.5732, दहावं पद 2755.7319. अंश 0.336 आला. 0.339 वरून 0.336. म्हणजे तो 1/3 कडे सरकतोय. पण 1/3 च का? डावीकडचा डोंगर चढाला उभा आहे आणि उजवीकडचा उतार लांब आहे, त्याच्याशी याचा संबंध आहे का?

रानजाई · मंगळवार, सकाळी 8:05

संबंध असणार असं मलाही वाटतं. शिखराजवळ x = n + t धरून x^n e^(-x) चा लॉग उलगडला तर t^2 च्या पुढचं पद t^3/(3n^2) येतं, त्यात 3 दिसतो. डोंगर डावी-उजवीकडे सारखा नसण्याचं कारण तेच पद आहे. पण त्या 3 पासून अंशाच्या 1/3 पर्यंत मी अजून पोचलेले नाही. ऑफिसनंतर कागद घेऊन बसते.

निळी_शाई · मंगळवार, सकाळी 8:15

आम्हीही रात्री बसतो. त्याचा आज एम-टूचा तास आहे. n = 4 चा जुना कंस खोडायला नको म्हणाला, त्याच्याशेजारीच नवा लिहून घेऊन गेला आहे.